कॅटान काही महिने खेळल्यावर: ६ आणि ८ च्या पलीकडे काय पाहायचं

दिवाळीत घेतला होता हा गेम, आता नागपुरात कूलर लागलेत, म्हणजे बऱ्यापैकी घासून झालाय, म्हणून आता लिहितोय. बॉक्स, कार्डं वगैरेचं आधी उरकतो. टाइल जाड पुठ्ठ्याच्या आहेत आणि अजून धड आहेत, कार्डं मात्र कडेला मऊ पडलीत कारण आमच्याकडे चिवडा खात खात खेळतात, आणि कूलरच्या समोर बोर्ड मांडू नका, नंबरची गोल टोकनं हलकी असतात, एक झोत आला की ६ कुठला नि ९ कुठला कळत नाही (लाल असतो तो ६, एवढं लक्षात ठेवा). बाकी क्वालिटीबद्दल तक्रार नाही.

मला लिहायचंय ते प्रत्येकाने सुरुवातीलाच बोर्डवर ठेवायच्या दोन सेटलमेंटबद्दल, म्हणजे वस्त्यांबद्दल. कारण एवढ्या रात्री खेळून माझं मत पक्कं झालंय की अर्धा गेम तिथेच ठरतो आणि नवीन माणूस नेमकं तेच दोन मिनिटात उरकतो.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९ षटकोनी टाइलचं बेट असतं, त्यातलं एक वाळवंट, बाकी अठरावर लाकूड, वीट, मेंढी, गहू, धातू (आम्ही ओरच म्हणतो) यांपैकी काहीतरी पिकतं आणि प्रत्येकावर २ ते १२ मधला एक नंबर ठेवलेला असतो, ७ सोडून. दोन फासे टाकायचे, बेरीज येईल त्या नंबरच्या टाइलच्या कोपऱ्यावर ज्याची सेटलमेंट असेल त्याला तिथला माल मिळतो, मग फासे कोणी का टाकले असेनात. मालाची अदलाबदल करायची, रोड आणि वस्ती वाढवायची, १० पॉइंट झाले की जिंकला. क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाने बनवलेला गेम आहे, १९९५ चा.

आता नंबर. दोन फाशांचे मिळून ३६ प्रकार होतात. बेरीज २ यायची तर १-१ हा एकच प्रकार. ६ यायची तर १-५, ५-१, २-४, ४-२, ३-३ असे पाच. इथे आमच्याकडे दर वेळी नवीन माणूस अडतो, "१-५ आणि ५-१ एकच न बे, दोनदा काहून मोजून राहिला?" समजावून सांगून पटत नाही, म्हणून आम्ही लुडोच्या डब्यातला लाल फासा आणि गेमचा एक पांढरा असे दोन घेतले. लालवर १ नि पांढऱ्यावर ५ हे वेगळं, लालवर ५ नि पांढऱ्यावर १ हे वेगळं, डोळ्याला दिसतं, वाद संपला. तर ७ चे सहा प्रकार, ६ आणि ८ चे पाच-पाच, ५ आणि ९ चे चार, ४ आणि १० चे तीन, ३ आणि ११ चे दोन, २ आणि १२ चा एक. टोकनवर नंबरखाली जे बारीक ठिपके असतात ते हेच, ६ खाली पाच ठिपके म्हणजे ३६ पैकी पाच. सगळ्यात जास्त येणारा ७ कोणालाच पिकत नाही, उलट रॉबर, म्हणजे ज्या टाइलवर बसेल ती बंद पाडणारा मोहरा, हलतो आणि हातात सातपेक्षा जास्त कार्डं असतील तर अर्धी जातात.

इथपर्यंत सगळ्यांना समजतं. मग काय होतं, सगळे लाल नंबरवर, म्हणजे ६ आणि ८ वर, तुटून पडतात आणि कोपऱ्याच्या तीन टाइलचे ठिपके मोजून बेरीज जास्त तिथे बसतात. टोकनं रँडम मांडताना दोन लाल नंबर शेजारी-शेजारी ठेवायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून एका कोपऱ्यावर लाल एकच येतो, आणि सगळ्यात भारी कोपरा म्हणजे एक लाल आणि दोन ५ किंवा ९, एकूण तेरा ठिपके. पहिल्या नंबरवाला तो उचलतो, त्यात काही चूक नाही. पण दुसरी सेटलमेंट पण नुसते ठिपके मोजून ठेवली की गडबड होते.

परवाचाच बोर्ड सांगतो. माझी पाळी चौथी होती, म्हणजे दोन्ही सेटलमेंट लागोपाठ ठेवायच्या (क्रम १-२-३-४ आणि मग उलटा ४-३-२-१ असतो). पहिली ठेवली ८ चा गहू, ५ चा ओर, १० ची मेंढी अशा कोपऱ्यावर, बारा ठिपके. दुसरीसाठी दोन जागा उरल्या होत्या. एकीकडे ८ ची वीट, ५ चं लाकूड, ३ ची मेंढी, म्हणजे अकरा ठिपके. दुसरीकडे ६ ची वीट, ४ चं लाकूड, ३ ची मेंढी, म्हणजे दहा. माल दोन्हीकडे तोच. शेजारचा भाऊ सल्ला द्यायला तयारच, "अकरावाली घे न, एक ठिपका जास्त आहे." मी दहावाली घेतली.

आता का ते बघा. अकरावाली घेतली असती तर माझे एकूण ठिपके तेवीस, पण नंबर कोणते? ८, ५, १० आणि ३, बस. ३६ पैकी १४ प्रकारात मला काहीतरी मिळणार आणि २२ प्रकारात हात रिकामा. दहावाली घेतली तर एकूण ठिपके बावीसच, पण नंबर झाले ८, ५, १०, ६, ४, ३, म्हणजे ३६ पैकी २२ मध्ये मिळणार आणि रिकामे फक्त १४, त्यातले सहा तर ७ चेच, ते कोणालाच चुकत नाहीत. सरासरीने मिळणारी कार्डं दोन्हीकडे जवळपास सारखी, फरक आहे तो कधी मिळतात यात. चौघं खेळतात म्हणजे माझी पाळी परत येईपर्यंत फासे चारदा पडतात. चारही वेळा कोरडं जायची शक्यता अकराव्या ठिपक्याच्या लोभात १४ टक्के, म्हणजे साधारण दर सातव्या फेरीला, आणि दहावाल्यात २ टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीच्या फेऱ्यांत एक फेरी कोरडी गेली की ज्या कोपऱ्यावर डोळा ठेवला होता तिथे दुसरा रोड घेऊन पोचतो, आणि तो कोपरा काही परत मिळत नाही.

दुसरं म्हणजे एकाच नंबरवर सगळं ठेवलं की माल येतो तेव्हा धो धो येतो, हातात नऊ-दहा कार्डं जमतात आणि नेमका ७ पडतो. गेलं अर्धं.

याला एक अपवाद आहे, तो पण सांगतो नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. वीट आणि लाकूड दोन्ही एकाच नंबरवर असतील तर तो नंबर पडला की थेट एक रोड हातात येतो, कोणाशी सौदा करायला नको. तसंच गहू आणि ओर एका नंबरवर, कारण सेटलमेंटची सिटी करायला तीन ओर दोन गहू लागतात. अशी जोडी मिळत असेल आणि बाकीचे नंबर पसरलेले असतील तर घ्यावी. वरच्या बोर्डवर ८ ला गहू आणि वीट मिळत होते, त्या दोघांचं मिळून काहीच बनत नाही.

आता खरी गोष्ट, जी मला बऱ्याच उशिरा दिसायला लागली. चांगला नंबर कोणता हे नंबर एकटा ठरवत नाही, त्या बोर्डवर तो माल किती आहे त्यावर आहे. लाकूड, गहू, मेंढी यांच्या चार-चार टाइल आणि वीट, ओर यांच्या तीन-तीनच. म्हणून आता मी पहिली सेटलमेंट ठेवायच्या आधी मालाप्रमाणे ठिपके मोजतो, पूर्ण बेटाचे. मागे एकदा विटेच्या तीन टाइलवर ४, ३ आणि ११ आले होते, म्हणजे सगळ्या बेटावर विटेचे ठिपके मिळून सात. मेंढीवर ६, ८, ९, १०, सतरा ठिपके! एक कोपरा होता मेंढी ८, मेंढी ९, गहू ५, पूर्ण तेरा ठिपक्यांचा, आणि दुसरा वीट ४, लाकूड ६, गहू १०, अकराचा. पहिल्या नंबरवाल्याने तेरावाला घेतला, खूश. नंतर सगळा गेम तो "मेंढी घ्या मेंढी" करत बसला, कोण घेणार, सगळ्यांकडेच मेंढ्या. ४ च्या विटेवर जो बसला त्याच्याकडे बेटाची जवळपास अर्धी वीट, एका विटेला दोन दोन कार्डं मागायचा बर्डीच्या दुकानदारासारखा, आणि मिळायची पण. तीन ठिपक्यांचा ४ त्या दिवशी पाच ठिपक्यांच्या ८ पेक्षा महाग होता. मेंढीच घ्यायची असेल तर मेंढीचं २:१ बंदर, म्हणजे दोन मेंढ्या देऊन हवं ते एक कार्ड मिळतं ती जागा, जवळ आहे का ते पाहून घ्या, तेव्हा तिला अर्थ आहे.

लाल नंबरचा अजून एक तोटा, रॉबर तिथेच येऊन बसतो. ७ पडला की जो तो ६ नाहीतर ८ वरच ठेवतो, आणि पुढचा ७ किंवा कोणाचं रॉबर हलवणारं नाइट कार्ड येईपर्यंत ती टाइल बंद. ५ आणि ९ ला फक्त एक ठिपका कमी, पण लक्ष कमी जातं. दोन्ही सेटलमेंट लालवर ठेवण्यापेक्षा एक लाल आणि बाकी ५, ९, ४, १० पसरलेले असा माझा हात असतो बहुतेक.

एवढं सगळं करून पण हरता येतं, हे पण लिहितो. समजा एका गेममध्ये फासे साठ वेळा पडले तर ६ साधारण आठ वेळा यायला पाहिजे, पण पाच वेळा आला किंवा अकरा वेळा आला तरी त्यात नवल काही नाही, साठ ही फार छोटी संख्या आहे. लागोपाठ दहा वेळा ६ आलाच नाही असं व्हायची शक्यता पण २२ टक्के आहे. आमच्यातला एक जण अशा वेळी म्हणतो "आता येणारच, थांबून राहिला होता तो." फाशाला मागचं काही आठवत नसतं, अकराव्या वेळी पण शक्यता ३६ पैकी पाचच. आणि याच कारणामुळे ११ वर बसलेला माणूस कधीकधी जिंकतो आणि मग महिनाभर ऐकवतो.

फाशांवर वैतागून मध्ये आम्ही ३६ चिठ्ठ्या केल्या होत्या, एकीवर २, दोघींवर ३ असं करत, आणि डब्यातून काढायच्या. नंबर अगदी हिशोबात यायला लागले, पण मग शेवटी शेवटी कोणत्या चिठ्ठ्या उरल्यात ते एक-दोघं मोजायला लागले. शेवटच्या पाच न काढता परत सगळ्या मिसळायच्या असं केल्यावर बरं झालं. ज्यांना नशीब कमी पाहिजे त्यांनी करून बघा, आम्ही फाशांवर परत आलो कारण घरच्या पोरांना फासेच टाकायचे असतात.

घ्यायचा असेल तर तीन-चार जण नक्की जमणार असतील तरच घ्या, दोघांत मूळ गेम खेळता येत नाही. आणि टोकनवर ठिपके छापलेत का ते बघून घ्या, नसतील तर पेनने काढून टाका पहिल्याच दिवशी.