इनॅमल टबचा टवका: दोनदा भरला, आठ महिने वापरला

नळ घट्ट करताना हातातला पाना निसटला आणि टबच्या तळाला, जाळीपासून वीतभर अंतरावर, करंगळीच्या नखाएवढा टवका उडाला. खाली काळपट पत्रा दिसायला लागला. टब बदलायचा तर फरशी फोडावी लागणार होती, म्हणून दोन भागांचं इपॉक्सी फिलर आणलं. आज जे टिकून आहे ते दुसऱ्यांदा भरलेलं आहे. पहिल्यांदा भरलेलं दीड महिन्यात गेलं, आणि ते का गेलं हेच आधी सांगते.

पहिल्या वेळी मी टवका पुसला, तासभर वाळू दिला आणि फिलर भरलं. दिसायला छान दिसत होतं. पाचव्या आठवड्यात कडेला केसासारखी बारीक तपकिरी रेघ उमटली. पुढच्या आठवड्यात तिथे नख लावलं तर अख्खी खपली सुटून हातात आली, आणि खालची बाजू गंजाने माखलेली होती. टवक्याच्या कडेखाली इनॅमल थोडं सुटलेलं असतं, पाणी तिथे मुरतं आणि पत्रा आतून गंजत जातो. वरून कितीही चांगलं भरा, गंज त्याला ढकलून बाहेर काढतो.

म्हणून दुसऱ्या वेळी सगळा वेळ तयारीत घालवला. ठिबकणारा नळ आधी दुरुस्त केला आणि टब दोन दिवस कोरडा ठेवला. टवक्याची कड टोकदार ब्लेडने हलकेच टोकरली. सुटलेलं इनॅमल बारीक कपच्यांसारखं निघून येतं आणि घट्ट असलेलं जागचं हलत नाही. खड्डा थोडा मोठा झाला, पण त्याची कड आता भक्कम होती. मग १८० नंबरचा पॉलिश पेपर पेन्सिलच्या मागच्या टोकाला गुंडाळून पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला. काळा ठिपकासुद्धा ठेवायचा नाही. खड्ड्याच्या कडेचं इनॅमलही जरासं खरवडलं, कारण गुळगुळीत काचेवर फिलर धरत नाही. बाहेरच्या चांगल्या भागाला कागद लागू नये म्हणून तिथे मास्किंग टेप लावली होती. इनॅमल म्हणजे पत्र्यावर भाजून चढवलेली काच. तिची चकाकी एकदा गेली की घरी परत आणता येत नाही.

उघडा पत्रा काही तासांतच पुन्हा गंजायला लागतो, म्हणून घासल्यावर काम दुसऱ्या दिवसावर टाकू नका. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, हेअर ड्रायर दहा मिनिटं फिरवला, पत्रा पुन्हा गार होऊ दिला आणि लगेच फिलर मिसळलं. माझ्या फिलरचं प्रमाण समसमान होतं. भांड्याच्या कडा खरवडत दोन मिनिटं नीट मिसळलं, कारण हार्डनर सगळीकडे पोचलं नाही तर मधला भाग चिकटच राहतो. एकदम खड्डा भरला नाही. पहिला थर पातळ लावला, तो वाळल्यावर दुसरा दिला आणि तो टबच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवला. फिलर पुरतं कडक व्हायच्या आत टेप काढली. टेप उशिरा काढली तर कड तिच्यासोबत उचलली जाते.

पाकिटावर २४ तास लिहिलं होतं, तरी पूर्ण आठवडाभर टबला पाणी लावलं नाही. त्यानंतर ६००, १००० आणि २००० नंबरच्या कागदाने, पाणी लावून, फक्त भरलेला भाग घासून सपाट केला.

हे सगळं इनॅमलचं झालं. बहिणीचा टब ॲक्रिलिकचा आहे आणि त्यावरचे ओरखडे आम्ही वेगळ्या पद्धतीने काढले. तुमचा टब कुठला ते चुंबक सांगतो. इनॅमलच्या टबला तो चिकटतो, ॲक्रिलिकला नाही. ॲक्रिलिकचा रंग त्या थरात आतपर्यंत असतो, त्यामुळे उथळ ओरखडा ओल्या कागदाने घासून घालवता येतो आणि पॉलिशने चमक परत येते. त्यावर ॲसिटोन मात्र चुकूनही लावू नका, पृष्ठभाग विरघळतो. टब पाय ठेवल्यावर खाली दबत असेल आणि त्याला चीर गेली असेल, तर वरून भरून उपयोग नाही. आधी खालचा आधार पक्का करावा लागतो.

आता आठ महिन्यांनंतर. रोज आंघोळ होते आणि फिलर घट्ट आहे. आठवड्यातून एकदा मी कडेवरून नख फिरवते, कुठेही अडकत नाही. रंग मात्र किंचित पिवळसर झाला आहे, खिडकीचा उजेड तिरपा पडला की जागा ओळखू येते. हे इपॉक्सीचं होतंच, त्यामुळे समोरच दिसेल अशा काठावर टवका असेल तर मी हा उपाय थोडा विचार करून सुचवेन. घासायची पावडर बंद केली आहे, फक्त भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं वापरते. चोषकांची रबरी चटई त्या जागेवरून हलवली, कारण ती ओढून काढताना भरलेला भागही ओढला जातो. जाळीच्या बाजूला, जिथे पाणी सगळ्यात जास्त वेळ साचून राहतं, गेल्या महिन्यात एक अगदी बारीक फट दिसली. तपकिरी रेघ अजून नाही. ती दिसायच्या आत तेवढा कोपरा ब्लेडने उघडून, वाळवून पुन्हा भरणार आहे.