अंडर-ट्वेल्व्ह फुटबॉलचं सेशन: एकच पिच आणि सब्स्टिट्यूट्स, की दोन छोट्या पिचेस?

दोन्ही पद्धती मी वापरून बघितल्यात. समजा चौदा पोरं आलीत आणि वॉर्मअप, पाणी वगैरे सोडून खेळायला ४२ मिनिटं उरलीत.

पहिली पद्धत म्हणजे एक पिच, पाच विरुद्ध पाच, चार जण बाहेर. सहा-सहा मिनिटांच्या सात शिफ्ट केल्या की प्रत्येकाला बरोबर दोनदा बसावं लागतं, म्हणजे ३० मिनिटं खेळ आणि १२ मिनिटं बाहेर. कागदावर एकदम समान. फायदेही आहेत, कोचला सगळं एका नजरेत दिसतं, गोलकीपरला गोलकीपिंग करायला मिळतं, आणि पासिंगचा अँगल चुकला की तिथल्या तिथे थांबवून दाखवता येतं.

दुसरीत दोन पिचेस, एकीवर चार-चार, दुसरीवर तीन-तीन, छोटे गोल, कीपर नाही. सात मिनिटांचे सहा गेम, प्रत्येक गेमनंतर टीम्स बदलायच्या. सगळे पूर्ण ४२ मिनिटं खेळतात. तेरा आले तर दोन्हीकडे तीन-तीन आणि एक जोकर, ज्या टीमकडे बॉल तिच्याकडून तो खेळणार, फक्त दर गेमला जोकर बदला, नाहीतर एकच पोरगा दमून जातो.

आता मला खटकलेली गोष्ट. पहिल्या पद्धतीत वेळ कागदावर समान असतो, पण शिट्टी माझ्या हातात असते. गेम रंगात आला की मी "बॉल बाहेर जाऊ दे, मग बदलतो" म्हणायचो आणि सहाची शिफ्ट आठची व्हायची, ती दोन मिनिटं पुढच्या कुणाच्या तरी वाट्यातून जायची. एकदा सहज कोण किती खेळला ते लिहून ठेवलं, तर सगळ्यात बुजऱ्या पोराला शेवटच्या शिफ्टमध्ये जेमतेम तीन मिनिटं मिळाली होती. त्याने तक्रारही केली नव्हती, नेहमी मोठ्याने "सर, माझा नंबर कधी?" विचारणाऱ्यांना मात्र बरोबर मिळालं होतं. मुद्दाम कोणी केलं नव्हतं हो, पण झालं ते झालंच. मग घड्याळ, अलार्म, लिस्ट सगळं करून पाहिलं, पण कोणी उशिरा आलं किंवा कुणाचा पाय मुरगळला की लिस्ट पुन्हा पहिल्यापासून.

दोन पिचवर हा प्रश्नच येत नाही कारण बाहेर बसणारा कोणी नसतो. त्रास वेगळा आहे, एका पिचवर बघताना दुसरीकडे काय चाललंय कळत नाही, आणि एका पिचचा बॉल दुसरीत घुसत राहतो. मी मध्ये पाच-सात पावलांची मोकळी पट्टी ठेवतो आणि कडेला दोन-तीन जादा बॉल, त्याने बरंच भागतं. कोचिंग पॉइंट फक्त एकच ठेवायचा, आणि तो टीम्स बदलताना सांगायचा.

मॅचच्या आधीच्या आठवड्यात कीपरला सराव हवा असेल तर पहिली पद्धत वाईट नाही, मीही तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं तशी घेतो. शिफ्टची शिट्टी मात्र आता बाहेर बसलेल्यांपैकीच कुणाच्या तरी हातात देतो, ते एक सेकंद उशीर करत नाहीत.