बेळगाव–बेंगळुरू–डेहराडून : पुढचं विमान चुकलं तेव्हा धावून आलेली माणसं

हा अभिप्राय मी डिसेंबरातच लिहायला हवा होता असं घरची मंडळी म्हणतात. मी मुद्दाम थांबले. एका प्रवासात चांगली माणसं भेटली, तर तो त्या दिवसाचा योगही असू शकतो. मधल्या महिन्यांत तुमच्याच कंपनीच्या विमानानं आमचं जाणं-येणं बरंच झालं, आणि आता खात्रीनं लिहिते आहे. हे पत्र आहे बेळगावच्या सांबरा आणि बेंगळुरू विमानतळांवरच्या तुमच्या ग्राउंड स्टाफसाठी.

आम्ही बेळगाव तालुक्यातल्या उचगावचे. मुलाची पासिंग आउट परेड डेहराडूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीत डिसेंबरातल्या शनिवारी सकाळी होती. माझे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखरे. नातवाच्या खांद्यावर स्टार लागताना बघायचे म्हणून वर्षभर दिवस मोजत होते. ते, मी, माझे यजमान आणि मुलगी असे चौघे गुरुवारी सकाळी सांबऱ्याहून बेंगळुरू आणि तिथून दुपारच्या थेट विमानानं डेहराडून गाठणार होतो. दोन्ही विमानं तुमचीच आणि चौघांची तिकिटं एकाच पीएनआरवर. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं याच एका गोष्टीवर चाललं. दोन्ही टप्पे वेगवेगळे काढले असते, तर पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तरी ते आमचं आम्ही निस्तरायचं, कंपनीवर जबाबदारी नाही.

त्या सकाळी सांबऱ्याला लख्ख ऊन होतं आणि विमान नव्हतं. लोक काउंटरवर जाऊन भांडत होते की इथं तर आभाळ मोकळं आहे, मग उशीर कसला? कारण बेंगळुरूत होतं. हिवाळ्यात तिथल्या विमानतळाकडे, देवनहळ्ळीच्या बाजूला पहाटे दाट धुकं पडतं, सकाळची उड्डाणं अडकतात, आणि आम्हाला न्यायचं विमान तिथूनच यायचं असतं. ते निघालं नाही, तर सांबऱ्यात ऊन असून काय उपयोग? काउंटरवरच्या मुलीनं हे प्रत्येकाला न चिडता समजावलं. उशीर दोन तासांवर गेल्यावर नियमाप्रमाणे खाण्याचे बॉक्सही आले.

पण तिचं खरं काम याच्या पुढचं. आमची तिकिटं बघून तिनं स्वतःच विचारलं, "काकू, पुढचं डेहराडूनचं विमान आहे ना तुमचं? ते आता मिळणं अवघड दिसतंय. शनिवारच्या आत पोचायलाच हवंय का?" मी परेडचं निमंत्रणपत्र दाखवलं. तिनं चौघांची नावं, आजोबांची व्हीलचेअर आणि परेडची वेळ बेंगळुरूला कळवली. मग म्हणाली, "मोबाइलवर मेसेज येईल, आपोआप दुसरं विमान दिलंय म्हणून. बेंगळुरूच्या माणसांशी बोलल्याशिवाय ते मान्य करू नका."

मेसेज आलाच. सिस्टीमनं आम्हाला शनिवारचं विमान दिलं होतं. चार जागा एकत्र असलेलं पहिलं थेट विमान तेच होतं, कारण त्या आठवड्यात देशभरातले पालक डेहराडूनकडे निघालेले. संगणकाच्या हिशेबानं उत्तर बरोबर होतं. आमच्यासाठी मात्र परेड संपल्यावर पोचण्याला काही अर्थ नव्हता, आणि हे कळायला माणूसच लागतो. खाली "स्वीकारा" असं बटण होतं. मुलीचं बोट तिकडे गेलंही असतं, पण सांबऱ्याच्या ताईचं सांगणं कानात होतं.

बेंगळुरूला उतरलो तेव्हा डेहराडूनचं विमान गेलेलं होतं. आमचं छोटं एटीआर विमान लांब उभं राहिलं आणि शिडीच्या पायथ्याशी व्हीलचेअर घेऊन एक मुलगा आमच्या आडनावाची पाटी धरून उभा होता. सासऱ्यांना "अज्जा, निधान", म्हणजे सावकाश, असं म्हणत त्यानं हाताला धरून एकेक पायरी उतरवलं. सासरेही त्याच्याशी कन्नडमधून बोलू लागले, आणि सकाळपासून ओढलेला त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

ट्रान्सफर डेस्कवरच्या अधिकाऱ्यानं आधीच पर्याय शोधून ठेवले होते. शुक्रवारच्या थेट विमानात दोन जागा होत्या. माझे यजमान लगेच म्हणाले, आम्ही दोघं मागून येतो, बाबांना आणि हिला पाठवा. अधिकाऱ्यानं ते ऐकून घेतलं, पण घाई केली नाही. त्यानं समजावलं की असं करायचं तर पीएनआर तोडावा लागतो. एकदा तो तुटला की सिस्टीमच्या लेखी तुम्ही दोन वेगळी कुटुंबं. उद्या पुन्हा काही बिनसलं, तर एकाला जागा मिळेल आणि दुसरा अडकेल, आणि कुणी जोडून देणार नाही. हा शेवटचा उपाय म्हणून ठेवू, असं तो म्हणाला.

मग त्यानं दिल्लीचा मार्ग काढला. गुरुवारी संध्याकाळी बेंगळुरू–दिल्ली आणि शुक्रवारी दिल्ली–डेहराडून. शुक्रवारी सकाळच्या विमानातही जागा होत्या आणि दुपारच्याही. आम्हाला अर्थातच सकाळचं हवं होतं. त्यानं दुपारचं घ्यायला लावलं, आणि त्याचं कारण मला आजही पटतं. डिसेंबरात दिल्लीला पहाटे धुकं असतं, पहिली विमानं रखडतात किंवा रद्द होतात. रद्द झालं की त्यातले सगळे प्रवासी दुपारच्या विमानातल्या जागांसाठी धावतात आणि तोवर त्या संपलेल्या असतात. ऊन चढल्यावरचं विमान आधीच हातात असलेलं बरं. शिवाय दिल्लीपासून डेहराडून साधारण अडीचशे किलोमीटर. दुपारचंही विमान गेलं नाही, तर गाडी करून शुक्रवारी रात्रीपर्यंत पोचता येईल. बेंगळुरूत अडकलात तर दुसरा रस्ताच नाही. म्हणून आज रात्री दिल्ली गाठा, असं त्याचं म्हणणं.

तिकिटाच्या फरकाचा एक रुपयाही घेतला नाही. एका पीएनआरवर पहिल्या विमानाच्या उशिरानं दुसरं चुकलं की दुसरी वाट कंपनीनं काढून द्यायची असते. नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही आणि आम्ही मागितलीही नाही, कारण धुक्यासारख्या कारणाला ती लागू होत नाही. रात्रीची सोय आम्हीच केली. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये आमच्या भागातला एक जण नोकरीला आहे, त्याच्याकडे उतरलो.

त्या अधिकाऱ्याच्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या. नवीन तिकीट निघाल्यावर त्यानं स्क्रीन आमच्याकडे वळवून सासऱ्यांच्या नावापुढचा WCHR हा कोड दाखवला. तिकीट बदललं की व्हीलचेअरची नोंद नव्या विमानांवर आपोआप जाईलच असं नसतं. ती त्यानं दोन्ही विमानांवर हातानं घातली. WCHR म्हणजे थोड्या पायऱ्या चढता येतात पण लांब चालता येत नाही, असा प्रवासी. बेंगळुरूची शिडी बघून त्यानं सासऱ्यांनाच विचारलं, "पायऱ्या जमतील का, की वर उचलून न्यायची सोय सांगू?" आमच्या कुणाच्या हे डोक्यातही आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सामानाची. आमच्या तीन बॅगांवर DED म्हणजे डेहराडूनचे टॅग होते. रात्री दिल्लीत राहायचं तर सासऱ्यांची औषधं आणि गरम कपडे दिल्लीतच हाती यायला हवेत. म्हणून त्यानं टॅगवरचे दहा आकडी नंबर वाचून बॅगा शोधायला सांगितल्या आणि टॅग बदलून फक्त दिल्लीपर्यंतचे लावले. दोन बॅगा मिळाल्या. तिसरी वेळेत सापडेना. इथं दुसरा कुणी असता तर "दिल्लीत विचारा" म्हणून मोकळा झाला असता. यानं स्पष्ट सांगितलं की ती बॅग जुन्या टॅगवर उद्याच्या थेट विमानानं डेहराडूनला जाण्याची शक्यता जास्त आहे, पण तुम्ही दिल्लीत बाहेर पडण्याआधी सामानाच्या डेस्कवर तक्रार नोंदवाच. त्या नोंदीला पीआयआर म्हणतात. ती न करता बाहेर पडलं की पुढं सिद्ध करणं कठीण. दिल्लीत गेलो तेव्हा तिथल्या बाईंना आमची हकीकत माहीत होती, कागद पाच मिनिटांत झाला. माझी पैठणी त्याच बॅगेत होती. शुक्रवारी दुपारी जॉली ग्रँट विमानतळावर उतरलो, तर बॅग बेंगळुरूच्या विमानानं आमच्याआधी येऊन डेस्कवर ठेवलेली.

शुक्रवारी सकाळी दिल्लीत धुकं पडलंच. पहिलं विमान बरंच रखडलं. आमचं दुपारचं थोड्या उशिरानं निघालं.

शनिवारी अकादमीच्या चेटवुड इमारतीसमोर परेड बघितली. मुलगा "अंतिम पग", म्हणजे अकादमीतलं शेवटचं पाऊल, ओलांडून आला, एका खांद्यावर मी आणि एका खांद्यावर माझ्या यजमानांनी स्टार लावला, आणि सासऱ्यांनी खुर्चीतून उठून नातवाला कडक सॅल्यूट ठोकला. सुभेदारानं लेफ्टनंटला करायचा तो सॅल्यूट. तुमच्या कर्मचाऱ्यांनी आम्हाला काय मिळवून दिलं, ते त्यांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

पुढच्या महिन्यांत पुन्हा कस लागला तो पावसात. सांबऱ्यावर ढग इतके खाली आले होते की विमान उतरू शकलं नाही, हुबळीला वळवलं. तिथं तुमच्या स्टाफनं बस आणली, मोजून माणसं बसवली, म्हाताऱ्यांना पुढच्या जागा दिल्या आणि सामान उतरल्याशिवाय बस हलू दिली नाही. रात्री उशिरा बेळगावला पोचलो, पण कुणी वाऱ्यावर सोडलं नाही.

कंपनीला दोन विनंत्या. चुकलेल्या विमानाच्या बदल्यात सिस्टीम जे आपोआप देते, त्या मेसेजमध्ये "मान्य नसेल तर ट्रान्सफर डेस्कशी बोला" असं मराठी, कन्नड, हिंदीत ठळक लिहा. आज तिथं एकच बटण ठळक दिसतं आणि घाबरलेला माणूस तेच दाबतो. आणि सांबऱ्याची ती ताई, शिडीपाशी उभा असलेला मुलगा, ट्रान्सफर डेस्कवरचे अधिकारी आणि दिल्लीच्या बाई, यांची नावं आणि ड्यूटीची वेळ मी तुमच्या तक्रार विभागाला कौतुकाचं पत्र म्हणून पाठवली आहेत. त्याची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात झाली का, एवढं मला कळवा.