‘च’ कुठे बसतो ते आधी बघा: आयेल्ट्सच्या निबंधात इन्व्हर्शन, क्लेफ्ट की साधं वाक्य?

आमची भाची फोंड्याला आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते. रायटिंगला साडेसहावर अडकलीय, सात हवेत. तिचा सराव-निबंध वाचायला घेतला तर पहिलंच वाक्य ‘नेव्हर हॅव आय सीन...’, दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात ‘नॉट ओन्ली’ने आणि शेवटच्याची ‘अंडर नो सर्कम्स्टन्सेस’ने. तिला म्हटलं, “हा निबंध आहे की निवडणुकीची सभा?” ती म्हणाली, “मामी, अशी वाक्यं घातली की बँड वाढतो म्हणतात.”

तसं नाही. टास्क 2 म्हणजे निबंध, 40 मिनिटांत किमान 250 शब्द. त्याच्या गुणांत व्याकरणाचा वाटा एक चतुर्थांश, आणि तिथेही वाक्यरचनांची विविधता व अचूकता एकत्र मोजली जाते. इन्व्हर्शन, म्हणजे ‘हॅव’, ‘डिड’सारखं क्रियापद कर्त्याच्या आधी आणायचं, या रचनेला वेगळे गुण नाहीत. मग कोणती रचना कुठे वापरायची हे ठरवायचं कसं? मला सापडलेली खूण आपल्या मराठीतच आहे: ‘च’. (कोकणीतही तो तसाच आहे, त्यामुळे गोव्यात ही खूण दुप्पट चालते.)

आपण बोलताना जोर द्यायचा शब्द निवडतो आणि त्याला ‘च’ लावतो. लिहिलेल्या इंग्रजीत तशी सोय नाही, तिथे वाक्याचा सांगाडाच हलवावा लागतो. म्हणून आधी वाक्य मराठीत म्हणून बघायचं.

“2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हाच कित्येक कुटुंबांनी दुसरं काम शोधलं.” इथे ‘च’ वेळ सांगणाऱ्या शब्दाला लागलाय. हे काम इन्व्हर्शनचं: ‘ओन्ली व्हेन माइनिंग स्टॉप्ड इन 2012 डिड मेनी फॅमिलीज लुक फॉर अदर वर्क.’ भाचीने लिहिलं होतं ‘ओन्ली व्हेन डिड माइनिंग स्टॉप इन 2012, मेनी फॅमिलीज लुक्ड फॉर अदर वर्क.’ ही चूक फार जण करतात. ‘ओन्ली व्हेन’ दिसलं की हात लगेच ‘डिड’कडे जातो, पण उलटापालट तिथे होत नाही. ‘तेव्हा’चा भाग सरळच राहतो, मुख्य वाक्य उलटतं. शिवाय मुख्य वाक्यात ‘डिड’ आला की भूतकाळ त्यानेच उचलला, म्हणून पुढे ‘लुक्ड’ नाही, ‘लुक’. तपासायची पद्धत सोपी आहे: ‘ओन्ली’पासूनचा तुकडा उचलून वाक्याच्या शेवटी न्या आणि ‘डिड’ काढा. ‘मेनी फॅमिलीज लुक्ड फॉर अदर वर्क ओन्ली व्हेन माइनिंग स्टॉप्ड इन 2012.’ हे नीट बसलं तर उलटं वाक्यही बहुधा बरोबर असतं.

आता “बंदीमुळेच ही कुटुंबं दुसऱ्या कामाला लागली.” इथे ‘च’ कारणावर आहे. क्लेफ्ट घ्या, म्हणजे ‘इट वॉज... दॅट’ने वाक्याचे दोन भाग करून जोराचा शब्द पुढे आणायचा: ‘इट वॉज द 2012 बॅन दॅट पुश्ड दीज फॅमिलीज इन्टू अदर वर्क.’ यात शब्दांचा क्रम फारसा उलटत नाही, म्हणून चूक व्हायची भीती कमी, आणि सूरही भाषणी होत नाही. मात्र एक अट आहे. कुटुंबांनी काम बदललं हे वाचकाला आधीच माहीत असायला हवं. आपणही ‘बंदीमुळेच’ असं कधी म्हणतो? काहीतरी घडलंय हे समोरच्याला ठाऊक असतं आणि वाद कारणावर असतो तेव्हा. काहीच न सांगता परिच्छेद या वाक्याने सुरू केला तर मागचं पान हरवल्यासारखं वाटतं. ‘व्हॉट दीज फॅमिलीज लॅक्ड वॉज अ सेकंड इनकम’ हा त्याचाच भाऊ. परिच्छेदाच्या मध्यावर मुद्दा वळवायला तो मला जास्त आवडतो.

आणि ‘च’ कुठेच नसेल तर? साधं वाक्य. निबंधातली बहुतेक वाक्यं अशीच असतात. टास्क 1 च्या आलेखात तर जोर देण्यासारखं काही नसतंच, तिथे या दोन्ही रचना विसरा.

‘नेव्हर हॅव आय सीन’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण ते ‘मी’चं वाक्य आहे. शिगमोत्सवाच्या गर्दीबद्दल मैत्रिणीला पत्र लिहिताना शोभेल. “पर्यटनामुळे स्थानिकांचा फायदा होतो का” या निबंधात तुम्ही काय पाहिलं याला कोणी विचारत नाही. तिथे कमी आवाजाचं ‘रेअरली डू...’ किंवा ‘ओन्ली व्हेन’ बरं. ‘नॉट ओन्ली’ आवडत असेल तर लक्षात ठेवा, फक्त पहिला अर्धा भाग उलटतो, ‘बट ऑल्सो’नंतरचा सरळ.

माझा हिशेब 250 शब्दांत एक इन्व्हर्शन, फार तर एक क्लेफ्ट, आणि दोन्ही एकाच परिच्छेदात नकोत. भाचीच्या निबंधात आम्ही फक्त खाणींचं ‘ओन्ली व्हेन’ ठेवलं, तेही दुरुस्त करून. ‘अंडर नो सर्कम्स्टन्सेस’ सोडताना मात्र तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.