वीस वर्षांचा बायोडेटा: सगळा मांडावा की अलीकडचा?

चाकणच्या वाहनभाग कारखान्यात २००४ साली तपासनीस म्हणून लागलेली आणि आज गुणवत्ता व्यवस्थापक असलेली व्यक्ती नोकरी बदलू पाहते, असे समजू. तिच्यापुढे दोन मार्ग असतात.

पहिला म्हणजे सगळी वर्षे क्रमाने, सारख्याच तपशिलाने मांडणे. यात लपवाछपवी नसते, पण निवड करणाऱ्या पस्तिशीतल्या व्यवस्थापकाची नजर आधी जुन्या गोष्टींवर अडते. वाहन उद्योगातील गुणवत्तेच्या आयएसओ/टीएस १६९४९ या मानकाच्या जागी २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ हे मानक आले. तरीही कौशल्यांच्या यादीत जुने नाव तसेच राहिले असेल, तर उमेदवाराचे ज्ञान तिथेच थांबले असा समज होतो.

दुसऱ्या मार्गात शेवटची दहा-बारा वर्षे सविस्तर येतात आणि आधीचा काळ कंपनी, पद व वर्षे एवढ्याच दोन ओळींत आटोपतो. मला हाच मार्ग योग्य वाटतो, मात्र त्या दोन ओळी गाळू नयेत, कारण पार्श्वभूमी पडताळणीत भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदींतून जुन्या नोकऱ्या समोर येऊ शकतात आणि मग कारण नसताना संशय निर्माण होतो.

उमेदवार पदाच्या मानाने जास्त अनुभवी आहे, ही अतिपात्रतेची शंका मात्र केवळ लांबी कमी करून जात नाही. ‘चाळीस जणांचा विभाग सांभाळला’ हे वाक्य लहान पदासाठी अडचणीचे ठरते; त्याऐवजी ‘ग्राहकाची तक्रार आल्यावर स्वतः लाइनवर उभे राहून मूळ कारण शोधले आणि नियंत्रण योजना बदलली’ असे लिहिल्यास हातात काम घेण्याची तयारी दिसते.