9:20 चा स्ट्रॅडल प्रोग्रामच्या हवाली केला: दहा महिन्यांनंतरचा हिशेब

जानेवारी ते ऑक्टोबर 2025, असे दहा महिने मी निफ्टीच्या ऑप्शन्समधली एकच स्ट्रॅटेजी ब्रोकरच्या एपीआयवरून, स्वतः लिहिलेल्या पायथन प्रोग्रामने चालवली. त्याआधीचं अख्खं 2024 हीच स्ट्रॅटेजी हाताने केली होती. माणूस तोच, स्ट्रॅटेजी तीच, त्यामुळे तुलना बऱ्यापैकी सरळ आहे.

स्ट्रॅटेजी नवीन काहीच नाही. सकाळी 9:20 ला निफ्टी जिथे असेल तिथला कॉल आणि पुट, दोन्ही विकायचे, हाच स्ट्रॅडल. प्रत्येकाला प्रीमियमच्या, म्हणजे विकलेल्या भावाच्या, 30 टक्के वर स्टॉपलॉस लावायचा. उरलेलं 3:15 ला बंद करायचं. एक लॉट, म्हणजे 2025 मध्ये 75 नग. लांबवर स्वस्त ऑप्शन घेऊन हेज लावला की मार्जिन बरंच कमी लागतं. पण चार्जेस वाढतात म्हणून मी हेजशिवायच केलं. अडीच लाख बाजूला ठेवले होते.

मी नाशिकला अंबडमध्ये एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. 9:20 ला आमची सकाळची मीटिंग चालू असते. 2024 मध्ये मी टेबलाखाली मोबाइल धरून ऑर्डर टाकायचो. डिसेंबरात डायरी काढून बसलो तेव्हा कळलं, की 142 दिवसांपैकी 37 दिवस मी स्टॉपलॉस पुढे सरकवला होता. ‘आता फिरेल’ म्हणून. वर्षाचा तोटा 62 हजारांचा होता आणि त्यातला बहुतेक या 37 दिवसांतच झाला होता. स्ट्रॅटेजी चांगली की वाईट हे मला वर्षभरात कळलंच नव्हतं, कारण मी ती कधी चालवलीच नव्हती. मी माझा मूड चालवत होतो.

प्रोग्राम लिहायचं खरं कारण एवढंच. वेग नव्हे. लोक सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालाचा दाखला देतात, की परदेशी गुंतवणूकदार संस्थांचा 97 टक्के आणि स्वतःच्या पैशाने ट्रेड करणाऱ्या प्रोप्रायटरी डेस्कचा 96 टक्के नफा अल्गोतून, म्हणजे प्रोग्रामने केलेल्या ट्रेडमधून आला. याच अहवालात 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते. यावरून ‘अल्गो लावला की आपणही त्या बाजूला’ असं वाटतं, आणि रेडीमेड स्ट्रॅटेजी विकणारे नेमकं तेच वाटू देतात. पण त्यांची यंत्रं एक्सचेंजच्या इमारतीतच, कोलोकेशनच्या रॅकमध्ये बसलेली असतात आणि मायक्रोसेकंद मोजतात. माझी ऑर्डर सर्व्हरवरून ब्रोकरकडे आणि तिथून एक्सचेंजला जाईपर्यंत सेकंदाचा मोठा तुकडा गेलेला असतो. दोघांनाही अल्गो म्हणतात, एवढंच साम्य.

पहिले दोन महिने प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर चालवला. एकदा लाइट गेली आणि पोझिशन उघडी राहिली, तेव्हा महिना सहाशे रुपयांचा सर्व्हर भाड्याने घेतला. पुढे ते बरंच झालं. सेबीच्या फेब्रुवारी 2025 च्या परिपत्रकाप्रमाणे एपीआयच्या ऑर्डर ब्रोकरकडे नोंदवलेल्या स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या, आयपीवरूनच जायला हव्यात, आणि घरच्या वायफायचा आयपी राउटर बंद-चालू केला तरी बदलतो. सेकंदाला दहा ऑर्डरच्या वर गेलात तर अल्गो एक्सचेंजकडे नोंदवावा लागतो. माझ्या दिवसाला आठ-दहा ऑर्डर होतात, तेव्हा त्या मर्यादेची आपल्याला चिंता नाही.

आता मुख्य गोष्ट. हाताने ट्रेड करताना चूक स्वभावातून होते. प्रोग्राममध्ये चूक होते ती त्याला जे वाटतं आणि खात्यात जे खरं असतं, यांच्यातल्या फटीतून. मला ही फट मार्चमध्ये दिसली.

त्या दिवशी कॉल 110 ला विकला होता. स्टॉपलॉस 143. एनएसईने सप्टेंबर 2021 पासून ऑप्शन्ससाठी एसएल-मार्केट, म्हणजे ट्रिगर लागताच मिळेल त्या भावाला होणारी ऑर्डर बंद केली आहे, म्हणून ट्रिगर आणि लिमिट अशा दोन किमती द्याव्या लागतात. मी ट्रिगर 143 आणि लिमिट 146 दिली होती. तीन रुपयांचं अंतर पुरेसं वाटलं होतं. दुपारी भाव 139 वरून एका झटक्यात 151 ला गेला. ट्रिगर लागला, ऑर्डर एक्सचेंजला पोचली, पण तिचं म्हणणं होतं ‘146 ला द्या’, आणि 146 ला विकणारं आता कुणीच नव्हतं. ऑर्डर तशीच लटकून राहिली. माझ्या प्रोग्रामने मात्र ट्रिगर लागलेला पाहिला, ‘कॉल बंद झाला’ अशी स्वतःशी नोंद केली आणि त्या कॉलकडे बघणंच सोडलं.

मला हे साडेतीनला चहा घेताना कळलं. 3:15 ला प्रोग्रामने फक्त पुट बंद केला होता, कारण त्याच्या लेखी कॉल उरलेलाच नव्हता. कॉल ब्रोकरच्या स्वयंचलित स्क्वेअर-ऑफने 178 ला कापला, वर दंड वेगळा. तोटा 36 रुपये गुणिले 75, म्हणजे 2,700 व्हायचा तो 68 गुणिले 75, म्हणजे 5,100 झाला. एसएमएस आला होता. मीटिंगमध्ये मोबाइल सायलेंटवर होता.

हाताने करत असतो तर ही चूक झालीच नसती. स्क्रीनवर लाल आकडा वाढताना कुणालाही दिसतो. प्रोग्रामला तो दिसत नाही. त्याला जे विचारायला शिकवलंय तेवढंच तो विचारतो. मी त्याला ‘ट्रिगर लागला का’ विचारायला शिकवलं होतं, ‘माल हातात आला का’ हे नाही. कारखान्यात आम्ही नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात सांगतो, की मशीनने ‘ओके’ दाखवलं म्हणजे पार्ट ओके नसतो, गेज लावून बघ. आणि मीच गेज लावलं नव्हतं.

दुरुस्ती चार ओळींची होती. ट्रिगर लागायच्या आधी ऑर्डरचं स्टेटस `TRIGGER PENDING` असतं, लागल्यावर `OPEN` आणि खरेदी पूर्ण झाल्यावरच `COMPLETE`. आता दर दोन सेकंदांनी हे तपासलं जातं आणि ऑर्डर `OPEN` वर अडकलेली दिसली की लिमिट शेवटच्या भावाच्या, म्हणजे `ltp` च्या, तीन टक्के वर सरकवली जाते:

```python
o = get_order(sl_id)
if o["status"] == "OPEN":
    p = round(round(ltp * 1.03 / 0.05) * 0.05, 2)
    modify_order(sl_id, price=p)
```

तो 0.05 चा खटाटोप यासाठी, की भाव पाच पैशांच्या पटीत नसेल तर ऑर्डर सरळ रिजेक्ट होते. सरकवणंही तीनदाच करायचं, नंतर मला फोन. एका ऑर्डरमध्ये किती बदल चालतात याला मर्यादा असते, आणि बिघडलेलं लूप ती दोन मिनिटांत संपवू शकतं.

त्याहून महत्त्वाची दुसरी दुरुस्ती: दर मिनिटाला ब्रोकरकडून खऱ्या पोझिशन्स आणि ऑर्डर मागवायच्या आणि प्रोग्रामच्या वहीशी ताडून बघायच्या. तफावत दिसली तर नवी ऑर्डर बंद आणि मला मेसेज. आपलं बँकेचं पासबुक आणि घरची वही जुळवतो तसंच. ऑक्टोबरपर्यंत हा मेसेज सहा वेळा आला आणि सहाही वेळा खरा निघाला. त्यातला एक 3:15 चा होता: पोझिशन बंद झाली, पण तिची स्टॉपलॉसची ऑर्डर रद्द व्हायची राहिली होती. नंतर ती लागली असती तर विनाकारण नवी खरेदी झाली असती.

तारखेचा घोळही सांगतो. निफ्टीची साप्ताहिक एक्सपायरी तेव्हा गुरुवारी असायची, म्हणून मी ‘पुढचा गुरुवार’ असंच लिहून टाकलं होतं. 25 एप्रिलला शुक्रवारी सगळ्या ऑर्डर रिजेक्ट. पुढचा गुरुवार 1 मे होता, महाराष्ट्र दिन, बाजार बंद. एक्सपायरी बुधवारी 30 एप्रिलला होती. मराठी माणसाच्या प्रोग्रामला महाराष्ट्र दिन माहीत नव्हता! तेव्हापासून एक्सपायरी आणि लॉटचा आकडा रोज सकाळी ब्रोकरच्या सिम्बॉल फाइलमधून घेतो. सप्टेंबरपासून एक्सपायरी मंगळवारी गेली, तेव्हा एका अक्षराला हात लावावा लागला नाही.

बॅकटेस्टबद्दल, म्हणजे जुन्या डेटावर स्ट्रॅटेजी चालवून बघण्याबद्दल, थोडक्यात. तिथे स्टॉपलॉस बरोबर 143 ला कापलेला धरतात. माझ्या प्रत्यक्ष 128 स्टॉपलॉसमध्ये सरासरी 2.10 रुपये जास्त मोजावे लागले. गुणिले 75, गुणिले 128: वीस हजार रुपये, जे कागदावर नफ्यात दिसत होते. चार ऑर्डरची ब्रोकरेज, विकलेल्या प्रीमियमवर तेव्हाचा 0.1 टक्का एसटीटी, एक्सचेंजचे चार्जेस आणि जीएसटी मिळून दिवसाला सव्वाशेच्या आसपास गेले ते वेगळे.

तर 171 दिवसांनंतर: चार्जेसच्या आधी 41 हजार नफा. त्यातून 21 हजार चार्जेस, 5 हजार सर्व्हर. उरले 15 हजार. अडीच लाखांच्या एफडीने या काळात जवळपास एवढेच दिले असते, तेही आयटीआर-3 साठी सीएकडे न जाता. तरी 62 हजारांचा तोटा थांबला, आणि माझ्या लेखी मिळकत ती. स्ट्रॅटेजी जेमतेम आहे हेही आता ठामपणे माहीत झालंय.

प्रोग्रामकडे मी काय ठेवलंय? वेळेवर विकणं, स्टॉपलॉस, 3:15 ची सफाई, पोझिशनची ताळमेळ, रोजची नोंद आणि दिवसाला सहा हजारांच्या तोट्यावर सगळं बंद. माझ्याकडे एकच निर्णय आहे: आज चालवायचं की नाही. 7 एप्रिलला अमेरिकेच्या टॅरिफमुळे निफ्टी अकराशेहून जास्त अंकांनी खाली उघडला, त्या दिवशी मी 9:10 ला बंद ठेवलं. ‘व्हीआयएक्स, म्हणजे बाजाराच्या अस्थिरतेचा निर्देशांक, इतका असेल तर थांब’ असा नियम लिहून बघितला, पण दोन वर्षांच्या डेटात असे दिवस इतके थोडे की कुठलाही आकडा घातला तरी निकाल हवा तसा येतो. तो नियम काढून टाकला.

बंद करण्याची परवानगी मला आहे, दिवसाच्या मध्ये पुन्हा चालू करण्याची नाही. ते बटण प्रोग्राममध्ये ठेवलेलंच नाही. स्टॉपलॉस बदलायचंही नाही. ब्रोकरच्या ॲपमधून अजूनही करता येतं म्हणा. जूनमध्ये दोनदा केलं, दोन्ही वेळा मिनिटभरात वही जुळत नसल्याचा मेसेज आला. सहापैकी दोन तेच.