एलसीचे पैसे नाकारले: दुरुस्ती, भांडण, वेव्हर की कलेक्शन?

एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, ठरलेले कागद बरोबर दिले तर पैसे देऊ अशी खरेदीदाराच्या बँकेची हमी. कागदांत चूक काढून त्या बँकेचा नकार आला की बहुतेक निर्यातदार आधी खरेदीदाराला फोन लावतात. "साहेब, तेवढं ॲक्सेप्ट करून टाका ना." माझ्या मते हा फोन सगळ्यात शेवटी करायचा असतो. आपल्या कागदांत खोट निघाली आहे, हे समोरच्याला तुम्हीच सांगता, आणि भाव पडलेला असेल तर पुढचं वाक्य सवलतीचं असतं. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या: नकाराच्या संदेशात नेमकं काय लिहिलंय, आणि कागद पुन्हा द्यायला किती दिवस उरलेत.

एक प्रकरण घेतो. माल स्टेनलेस स्टीलच्या पाइपांचा, रक्कम 60,000 डॉलर. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने मालासाठी दिलेल्या कागदावर, जहाजात माल चढल्याची तारीख 3, एलसीची मुदत त्याच महिन्याच्या 31 तारखेपर्यंत. एलसीत वेगळं काही लिहिलेलं नसेल तर यूसीपी 600 या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मूळ बिल ऑफ लेडिंगसह कागद शिपमेंटपासून 21 दिवसांत आणि एलसीच्या मुदतीच्या आत द्यावे लागतात. म्हणजे खरी शेवटची तारीख 31 नव्हे, 24. इथेच पुष्कळ जण फसतात.

कागद इश्यूइंग बँकेत, म्हणजे एलसी देणाऱ्या बँकेत, मंगळवारी 10 तारखेला पोचले. बँकेला तपासायला मिळतात कागद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँकिंग दिवस. मधला शनिवार-रविवार सोडून पाचवा दिवस 17. त्या दिवशी बँक बंद व्हायच्या आत MT734, म्हणजे नकाराचा संदेश, आला. त्यात तीन डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतल्या चुका, होत्या. एलसीत 'सीमलेस' शब्द होता, इनव्हॉइसमध्ये नव्हता. विमा प्रमाणपत्र 5 तारखेचं होतं, शिपमेंट 3 तारखेचं, आणि संरक्षण 3 पासून लागू असल्याचा त्यावर उल्लेख नव्हता. तिसरी, पॅकिंग लिस्टवर खरेदीदाराचा पत्ता एलसीतल्यापेक्षा वेगळा. कागदांचं काय केलं, या रकान्यात /NOTIFY/, म्हणजे तूर्त कागद बँकेकडेच.

आता पर्याय एकेक करून तोलू.

दुरुस्ती करून पुन्हा सादर करणं हा सगळ्यात कोरडा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग. यात बँकेची हमी जशीच्या तशी शाबूत राहते आणि खरेदीदाराच्या मर्जीवर काहीच नसतं. बँकेकडे असलेले बाकीचे कागद तिथेच राहू देऊन फक्त बदललेले कागद देता येतात. संदेशात /RETURN/ असतं तर संच परत यायची वाट पाहावी लागली असती आणि त्यात दिवस गेले असते. शिवाय या एलसीत आपल्या इथली बँक नॉमिनेटेड होती, म्हणजे कागद तिच्याकडे द्यायची सोय एलसीतच होती. तिच्या काउंटरवर 24 च्या आत कागद पोचले की सादरीकरण वेळेत झालं, मग ते इश्यूइंग बँकेत 27 ला पोचले तरी हरकत नाही. मर्यादा एकच, पण मोठी: काही चुका दुरुस्त होतच नाहीत. एलसीतल्या तारखेनंतर माल चढला असेल तर बिल ऑफ लेडिंगवरची तारीख बदलता येत नाही, आणि ती बदलून घ्यायचा विचारही करू नका, ती फसवणूक आहे.

दुसरा मार्ग म्हणजे नकारालाच आव्हान द्यायचं. त्याला खरा जोर दोन ठिकाणी येतो. एक, संदेशच चुकलेला असेल. बँकेने आपण नाकारत आहोत हे स्पष्ट सांगायला हवं, प्रत्येक डिस्क्रिपन्सी द्यायला हवी, कागदांचं काय करतोय ते सांगायला हवं, आणि हे सगळं एकाच संदेशात, मुदतीच्या आत. तोच संदेश 18 ला आला असता, किंवा नुसतं 'डिस्क्रिपन्सी आढळल्या, खरेदीदाराला विचारतोय' असं लिहून आला असता, तर चुका खऱ्या असूनही बँकेला त्यांचा आधार घेता आला नसता. नंतर आठवलेली चौथी चूकही तिला घुसवता येत नाही. दुसरं, डिस्क्रिपन्सी मुळातच खोटी असेल. आपल्या प्रकरणातला पत्ता तसाच: देश तोच असेल तर खरेदीदाराचा पत्ता एलसीशी जुळायलाच हवा असं नाही. मात्र तो बिल ऑफ लेडिंगवर कन्साइनी किंवा नोटिफाय पार्टीच्या तपशिलात असता, तर जुळावा लागला असता.

पण भांडणाला वेळ लागतो. उत्तर आपल्या बँकेमार्फतच जाणार, आणि तिला दुसऱ्या बँकेशी हुज्जत घालायचा उत्साह असेलच असं नाही. पुढे आयसीसीच्या, म्हणजे इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या, डॉकडेक्स तज्ज्ञांकडे जाता येतं, पण दोन्ही बाजूंनी तसं मान्य केल्याशिवाय त्यांचा निर्णय बंधनकारक नसतो. तोवर बंदरात कंटेनरचं भाडं चढतच असतं.

वेव्हर म्हणजे खरेदीदाराने चुका मान्य करून घेणं. चूक दुरुस्त होणारी नसेल आणि माल त्याला खरोखर हवा असेल, तर हाच शहाणा मार्ग. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. खरेदीदार हो म्हणाला तरी बँकेने ते मानलंच पाहिजे असं नाही. आणि /NOTIFY/ चा अर्थ असा की तुमची वेगळी सूचना येण्याआधी खरेदीदाराचा होकार आला आणि बँकेने तो मानला, तर ती पैसे देऊन कागद त्याच्या हाती देऊ शकते. तुम्ही दुसरा गिऱ्हाईक शोधत असाल तर आधी बँकेला लेखी कळवा. आपल्या प्रकरणात खरेदीदाराने होकारासाठी 9 टक्के सवलत मागितली, म्हणजे 5,400 डॉलर. दुरुस्तीचा खर्च त्याच्या आसपासही जात नव्हता.

कलेक्शनवर टाका, असं बँकेचा माणूस सहज सुचवतो. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण त्या सूचनेने तुम्ही एलसीतून बाहेर पडता: आता बँक फक्त पैसे घेऊन कागद देणारी हमाल, पैसे द्यायचं तिचं वचन संपलं. मुदत उलटली असेल आणि खरेदीदार जुना, भरवशाचा असेल तरच हे करा. कागद परत मागवून माल दुसरीकडे विकणं त्याहून महाग, पण भाव वाढलेला असेल तर तेही वाईट नाही.

एक तपासणी मात्र कुठल्याही मार्गात चुकवू नका: जहाज कंपनीला विचारा, कंटेनर उचलला गेलाय का. नाकारलेलं बिल ऑफ लेडिंग बँकेने पैसे न देता खरेदीदाराला दिलं असेल, तर तिचा नकार कोसळतो.

आपल्याकडे सात दिवस होते. नवं इनव्हॉइस त्याच दिवशी झालं. विमा कंपनीने 3 तारखेपासून संरक्षण लागू असल्याची पुरवणी द्यायला तीन दिवस घेतले. पत्त्याबाबत आम्ही बरोबर होतो, तरी पॅकिंग लिस्ट बदललीच. ही डिस्क्रिपन्सी आम्हाला मान्य नाही, असं कव्हरिंग पत्रात लिहून सोमवारी 23 ला संच नॉमिनेटेड बँकेत दिला. खरेदीदाराच्या सवलतीच्या मेलला उत्तर दिलं नाही. रक्कम डिस्क्रिपन्सी चार्ज कापून आली. त्या चार्जवरून पत्रव्यवहार अजून चालू आहे.